पहिल्या गाडीच्या फोटोखाली काय लिहावं

प्रश्न: आम्ही नुकतीच आमची पहिली गाडी घेतली. २०१५ सालची वॅगन आर, सेकंड हँड. पूजेचा फोटो छान आलाय. सासूबाई औक्षण करताहेत, सासरे नारळ घेऊन उभे आहेत, आणि दोन्ही मुलं (वय ७ आणि ११) डिकीत चढून बसलीत. फोटो घरच्या ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर टाकायचाय. मोठ्यांचे आशीर्वादही यावेत आणि मुलांची धमालही, असं काहीतरी लिहायचंय. पण मी लिहिलं की एकतर लग्नपत्रिका वाटते, नाहीतर एकदम पोरकट. आणि गाडी जुनी आहे हे लिहावं का? – कोल्हापूरहून एक वाचक

ताई, गाडीबद्दल मनापासून अभिनंदन.

माझं साताऱ्यात रेडियमचं दुकान आहे. मागच्या काचेवरची ‘आईचा आशीर्वाद’, ‘बाबांची पुण्याई’, मुलांची नावं ही अक्षरं कापून चिकटवण्यात बावीस वर्षं गेली. गेली सहा-सात वर्षं तीच माणसं काचेवरचं काम झालं की फोन पुढे करतात, “दादा, फोटोखाली काय लिहू तेही सांगा.” म्हणून हे दोन्ही प्रकारचं लिखाण मी रोज करतो, आणि दोन्हींत फरक कुठे आहे ते मला अनुभवाने कळलंय.

तुमची अडचण शब्दांची नाही, बोलणाऱ्याची आहे. पत्रिकेसारखं वाटतं तेव्हा आजी-आजोबांच्या वतीने तुम्ही बोलत असता. पोरकट वाटतं तेव्हा मुलांच्या वतीने तुम्ही बोलत असता. फोटोत चार-पाच माणसं आहेत आणि खाली आवाज मात्र एकाच माणसाचा, तोही उसना. म्हणून आधी ‘काय लिहू’ हे बाजूला ठेवा आणि ‘त्या वेळी कोण काय म्हणालं’ हे आठवा.

मागच्या दसऱ्याला एक कुटुंब आलं होतं, त्यांचंच उदाहरण देतो. २०१३ सालची गाडी, घरातली पहिलीच. नवरा-बायको, नवऱ्याची आई, आणि दोन मुलं, धाकटी सहा वर्षांची. त्यांनी लिहून आणलेलं असं होतं:

“श्री गणेशाच्या कृपेने व आईच्या आर्शिवादाने आमच्या परिवारात नवीन सदस्याचे आगमन झाले. मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही.”

यात खोटं काहीच नाही. पण यातलं एकही वाक्य त्या घरात कुणी बोललेलं नाही. हेच वाक्य ट्रॅक्टरखाली चालेल, फ्रिजखाली चालेल, बारशाला तर अगदी जसंच्या तसं चालेल. ‘आशीर्वादाने’ आणि ‘आनंदाला’ या दोन नामांत आजी आणि नात दोघीही गडप झाल्या. खरा आशीर्वाद देणारी म्हातारी ‘आशीर्वाद’ हा शब्द फार क्वचित उच्चारते. ती क्रियापदात बोलते. जपून जा, लवकर या, सुखी राहा, पोहोचलात की फोन करा. तसंच आनंद झालेलं मूल ‘आनंद’ म्हणत नाही. ते ओरडतं, भांडतं नाहीतर प्रश्न विचारतं.

काचेवर मात्र मी ‘आईचा आशीर्वाद’ असंच कापून देतो, आणि ते तिथे बरोबर आहे. मागून येणारा दुचाकीवाला सिग्नलला दोन सेकंदांत वाचतो, त्याला आई दिसत नसते, म्हणून नाव घ्यावं लागतं. तुमच्या फोटोत सासूबाई ताम्हण घेऊन समोर उभ्या आहेत. जे डोळ्यांना दिसतंय ते पुन्हा लिहिलं की ओळ मेली. फोटोत जे ऐकू येत नाही, ते लिहायचं.

म्हणून त्या कुटुंबाला मी बाकावर बसवलं आणि पूजेच्या वेळी काय काय झालं ते विचारलं. आधी सगळे म्हणाले, “काही नाही, नेहमीसारखं.” मग हळूहळू निघालं. थोरल्याने पुढच्या सीटवर आधी दप्तर ठेवून जागा धरली होती. चाकाखाली लिंबं ठेवली तेव्हा गाडीला टोचेल का, असं धाकटीने विचारलं होतं. आणि तिच्या आईला एकदम आठवलं, की मागच्या काचेवर आधीच्या मालकांच्या मुलीचं फुलपाखराचं स्टिकर अजून होतं. ते बघून धाकटी म्हणाली होती, “आई, ही आधी कोणाची होती?” सगळे जरा गप्प झाले, कारण जुनी गाडी घेतली हे मुलांसमोर फारसं बोललं गेलं नव्हतं. आजी बॉनेटवर स्वस्तिक काढत होत्या. ते पूर्ण करून त्यांनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “ज्यांची होती त्यांना देव सुखात ठेवो. आता आपली.”

मी म्हटलं, झालं काम. यात आता मी काही घालायचं नाही, फक्त लावायचं. शेवटी फोटोखाली गेलं ते असं:

“आई, ही आधी कोणाची होती?”
आजीने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि म्हणाली,
“ज्यांची होती त्यांना देव सुखात ठेवो. आता आपली.”
आमची पहिली गाडी.

आता यात काय घडलंय ते सांगतो, कारण तुम्हाला तेच करायचंय. लोक आशीर्वाद आणि उत्साह हे ‘आणि’ने जोडतात. एक ओळ आजीची, एक ओळ मुलांची, मध्ये ‘आणि’. ते दोन डब्यांत ठेवल्यासारखं राहतं, मिसळत नाही. इथे मुलीचा प्रश्न आहे आणि आजीचं बोलणं त्याचं उत्तर आहे. आशीर्वाद उत्तर म्हणून आला की आपोआप मुलाच्या पातळीवर उतरतो, जड होत नाही. आणि मुलाच्या बोलण्याला मोठ्या माणसाने उत्तर दिलं की ते पोरकट राहत नाही. तुम्हाला ज्या दोन गोष्टींची भीती वाटतेय, त्या एकमेकींनीच सुटतात.

क्रमही याच कारणाने तसा आहे. आमच्या पहिल्या मांडणीत आजीची ओळ आधी होती आणि मुलीची नंतर. वाचलं तेव्हा मुलीच्या प्रश्नाने आजीचं बोलणं पुसून टाकल्यासारखं झालं. कलकल आधी, शांत ओळ नंतर, असंच घरात होतं. मुलं दारापर्यंत धावत जातात, मोठं माणूस मागून येतं आणि उंबऱ्यावर शेवटचं वाक्य बोलतं. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याकडे निघतानाच सांगतात. म्हणून मोठ्यांची ओळ शेवटाकडे ठेवा, आणि तिच्यानंतर फक्त एखादी साधी माहितीची ओळ येऊ द्या. ‘आमची पहिली गाडी’ ही माहिती आहे. तिथे ‘स्वप्न साकार’ वगैरे लिहिलं असतं तर आजीचं वाक्य समजावून सांगितल्यासारखं झालं असतं. इमोजी घालायचेच असतील तर मुलांच्या ओळीजवळ एखादं चालेल, आशीर्वादाच्या ओळीनंतर नको.

मधली ओळ, स्वस्तिक आणि पदर, ही मी मुद्दाम ठेवली. नुसतं “आजी म्हणाली” इतकंच असतं तर तो सुविचार झाला असता. हात कशात तरी गुंतलेला दाखवला की वाक्य त्या दिवसाचं, त्या माणसाचं होतं. पण हातांचं एकच काम घ्या. हार, नारळ, लिंबू, औक्षण, पेढे सगळं लिहिलंत तर पूजेच्या साहित्याची यादी होईल, आणि ते सगळं फोटोत आहेच.

जुनी गाडी हे लिहावं की नाही, हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. सासऱ्यांना चारचौघांत ते आवडत नसेल, तर तुमच्या हौसेसाठी त्यांना अवघडवू नका. पण दोन गोष्टी मी ठाम सांगतो. ‘नवी गाडी’ लिहू नका. नातेवाइकांत कुणीतरी मॉडेल ओळखतोच, आणि मग खाली “नवी घेतली का? केवढ्याला पडली?” सुरू होतं आणि तुम्हाला खुलासे द्यावे लागतात. दुसरं, ‘सेकंड हँड असली तरी’ किंवा ‘जुनी असली तरी आमच्यासाठी नवीच’ हेही नको. त्या ‘तरी’मध्ये माफी आहे, आणि कुणी काही विचारण्याआधीच तुम्ही ती मागताय. ‘पहिली’ हा शब्द पूर्ण खरा आहे आणि त्याला कुणी खोडून काढू शकत नाही. सांगायचंच असेल तर सरळ सालासकट सांगा, “२०१५ सालची वॅगन आर. आमची पहिली गाडी.” साल बोललं की जुनी-नवी सगळं बोलून होतं, आणि मान वर ठेवून होतं. वर दिलेल्या घरात तर जुनेपण हाच त्या चार ओळींचा जीव ठरला. शोरूममधून आलेल्या गाडीला ‘आधी कोणाची होती’ हा प्रश्नच पडला नसता.

आता तुमच्याकडे असं काही सापडलंच नाही तर? असंही होतं. सगळीच आजी बोलकी नसते. माझ्याकडे एक आजोबा होते, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि आत जाऊन बसले. एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या मुलाला वाटत होतं, त्यांच्या तोंडी ‘सुखाचा प्रवास’ असं काहीतरी घालावं. मी नाही म्हटलं. आम्ही लिहिलं:

“मी खिडकीत!” “नाही, मी खिडकीत!”
खिडक्या चार आहेत, पण भांडण एकीवरूनच.
आजोबा काही बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

न बोलणाऱ्या माणसाचा हात पुरेसा असतो. त्यांच्या तोंडी वाक्य घातलं असतं तर घरातल्या प्रत्येकाला कळलं असतं, आणि आजोबांना तर सगळ्यात आधी. इथे प्रश्नोत्तर नाही, पण गोंगाटाला शांततेचं उत्तर आहे, म्हणून जोड टिकते.

आशीर्वाद देणारं माणूस आता नसेल, तर ‘स्वर्गातून आशीर्वाद’ टाळा. त्यांचं नेहमीचं एखादं बोलणं ‘म्हणायचे’ लावून लिहा. “‘रिकाम्या पोटी गाडी चालवू नये’, आबा म्हणायचे.” ‘म्हणायचे’ या एका शब्दात ते नाहीत हे येतं, आणि मुलांनी गाडीत बसताच खाऊचा डबा उघडला हे त्याच्या वर लिहिता येतं.

घरात बोली असेल तर ती तशीच ठेवा. एका वऱ्हाडी आजीचं “हळू चालवजो बाप्पा” सुनेने ‘सावकाश चालव’ असं प्रमाण करून आणलं होतं, ते मी परत मूळचं करायला लावलं. कोल्हापुरात तुमच्या सासूबाई जे आणि जसं बोलल्या असतील, ते तसंच उतरवा. मुलांचंही तेच. सात वर्षांच्या मुलाचं वाक्य सुधारू नका आणि त्याच्या तोंडी मोठ्या माणसाची चतुराईही घालू नका. खूण सोपी आहे, ओळ मोठ्याने वाचा आणि मुलालाच विचारा, “तू असं म्हणालास का?” तो लगेच सांगतो. अकरा वर्षांच्या मुलाला मात्र टाकण्याआधी दाखवा. त्या वयात शाळेतले मित्र बघतात आणि घरात गोड वाटलेली ओळ त्याला नकोशी होऊ शकते.

तुम्हाला दोन ठिकाणी टाकायचंय, म्हणून लांबीबद्दल थोडं. घरच्या ग्रुपवर चारही ओळी सरळ दिसतात, तिथे काही करायला नको. इन्स्टाग्रामवर फोटोखाली सुरुवातीची एक-दीड ओळच दिसते, बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून मुलाचा प्रश्न तिथे पहिल्या ओळीत हवा, प्रश्न वाचला की माणूस उत्तरासाठी पुढे उघडतो. ‘श्री गणेशाच्या कृपेने’पासून सुरुवात केलीत तर दिसणारी जागा त्यातच संपते. देवाचं नाव पहिलं हवंच असा घरात आग्रह असेल, तर ‘॥ श्री ॥’ एवढंच वर घाला, तीन-चार खुणांत भागतं. आपल्या लिपीत मोजणीही फसवी असते. ‘आशीर्वाद’ आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण फोन काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे धरून त्याचे आठ मोजतो. त्यामुळे मराठी ओळ आपल्या अंदाजापेक्षा आधी तुटते. टाकण्याआधी पहिल्या सात-आठ शब्दांत मुलाचं वाक्य पूर्ण होतंय ना, एवढं बघा.

हा शब्द निघालाच आहे तर, वर त्या कुटुंबाच्या कागदावर ‘आर्शिवाद’ होतं, ते मी तसंच ठेवलंय. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त चुकणारा शब्द हाच. बरोबर रूप ‘आशीर्वाद’. शी दीर्घ, आणि रफार ‘वा’वर. लिहिताना अडलं तर सावकाश उच्चार करा, आ-शीर्-वाद. र् हा शी नंतर ऐकू येतो, म्हणून तो पुढच्या वा वर बसतो. काचेवर चुकीचं लागलं की हेअर ड्रायरने गरम करून सोलून काढावं लागतं आणि डिंक राहतोच. फोटोखालचं दुरुस्त करता येतं, पण तोवर अर्ध्या ग्रुपने वाचलेलं असतं. ‘दृष्ट’ आणि ‘कृपा’ हेही तपासा, द्रुष्ट आणि क्रुपा असं फार येतं. फोटोवरच अक्षरं टाकणार असाल तर काही ॲपमध्ये रफार आणि वेलांटी सरकते किंवा वरून कापली जाते. ते मोठं करून बघा, आणि बिघडलं असेल तर फॉन्ट बदला.

फोटोबद्दल एकच. नंबर प्लेट झाका. झेंडूचा हार जरा खाली ओढून लावलेला दुसरा फोटो असेल तर तोच टाका, नाहीतर अंगठ्याने पुसट करा. तुम्ही नुकतीच घेतली म्हणताय, म्हणजे आरसी बुक कदाचित अजून आधीच्या मालकांच्या नावावर असेल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत दिले तरी नोंद व्हायला वेळ जातो. तोवर तो नंबर त्यांचाही आहे. त्यांनी गाडी विश्वासाने दिली, त्यांचा नंबर जगाला दाखवायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय मुलांचे चेहरे, घराचं फाटक आणि गाडीचा नंबर हे तिन्ही एकाच फोटोत उघड्या खात्यावर नसलेलंच बरं.

आता तुमचं काम. मी तुमच्या घरात नव्हतो, म्हणून तुमच्या ओळी मी रचून देत नाही, रचल्या तर त्या पुन्हा पत्रिकाच होतील. पण कुठे शोधायचं ते सांगतो. सासूबाईंना स्वयंपाकघरात, काम चालू असताना विचारा, “त्या दिवशी ओवाळताना तुम्ही पुटपुटत काय होतात?” ‘मला आशीर्वादाची ओळ द्या’ असं विचारलंत तर त्या संस्कृत आठवायला लागतील. मुलांना एकत्र विचारू नका, वेगवेगळं विचारा, आणि ‘कसं वाटलं’ असं नको, ‘डिकीत कोण आधी चढलं, आणि का’ असं विचारा. उत्तरं जशी येतील तशी कागदावर घ्या, दहा-बारा ओळी होतील. मग त्यांत एक मुलाची आणि एक मोठ्यांची अशी जोडी शोधा की दुसरी पहिलीला उत्तर वाटेल. ती खरोखर त्याच क्षणी बोलली गेली असेल तर उत्तमच. दुपारचं वाक्य सकाळच्या वाक्याशेजारी ठेवलं तरी चालतं. पण जे बोललंच गेलं नाही, ते घालू नका. उरलेल्या ओळी टाकून देऊ नका, वहीत ठेवा. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा मुलं त्या मागतील, हे मी दोन घरांत पाहिलंय.

आणि एक राहिलं. फोटोत सासऱ्यांच्या हातात नारळ आहे. तो पुढे कुणी फोडला, पहिल्या फटक्यात फुटला का, पाणी कुणाच्या अंगावर उडालं, आणि तेव्हा सासरे काय म्हणाले, हे धाकट्याला विचारा. तुमची पहिली ओळ मला तिथेच दिसतेय. सापडली की इथे लिहा, क्रम लावायला मी मदत करतो.